२,४०० चं घेतलं, २,४०० भरले, तरी ७५० बाकी कसे? पे लेटरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
चेकआऊटवर 'आत्ता घ्या, नंतर द्या' म्हणणारी सगळी ॲप्स,
त्यांच्या मागून प्रत्यक्ष कर्ज देणाऱ्या एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्या,
आणि ते बटण आपल्या साईटवर लावून विक्री वाढवणारे विक्रेते यांना

नमस्कार,

मागच्या आठवड्यात माझ्या भाच्याला तुमच्यापैकी एकाचं उत्तर आलं. सगळे चार्जेस कंपनीच्या धोरणानुसार आहेत, तक्रार बंद करण्यात येत आहे, बस इतकंच. कुठले चार्जेस, कुठल्या तारखेला लागले, कशावर लागले, एक अक्षर नाही. पोराने विचारलं तरी काय होतं, की मी २,४०० चं सामान घेतलं, २,४०० भरले, मग माझ्या नावावर ही बाकी कशाची. त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत म्हणून मी शोधून काढलं आणि आता सगळ्यांसमोर मांडतेय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एकाचं नाव घेतलं की बाकीचे 'आमच्याकडे तसं नाही हो' म्हणून मोकळे होतात.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी साताऱ्यात एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, क्रेडिट रिपोर्ट वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हप्ता चुकला तर दंड लावूच नका असं मी म्हणू शकत नाही, माझा पगारही त्याच धंद्यातून निघतो. पण दंड कसा लावायचा, कशावर लावायचा, भरलेले पैसे आधी कुठे जमा करायचे याला काही रीत असते, आणि तुमच्याकडे नेमकी तिथेच गडबड आहे.

आधी काय झालं ते सांगते, सगळ्यांना नीट कळावं म्हणून जरा सावकाश सांगते.

भाचा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी आहे. जूनमध्ये त्याने सेफ्टी शूज आणि दोन पँटी ऑनलाइन घेतल्या, २,४०० झाले. पैसे देताना बटण आलं, तीन हप्त्यांत द्या, ८०० प्रत्येकी, व्याज शून्य. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. त्याने दाबलं, ओटीपी टाकला, बँक खात्यातून परस्पर कापून घ्यायचं नॅच मँडेट दिलं, दोन मिनिटांत काम झालं. मँडेटमध्ये कमाल रक्कम १०,००० होती, २,४०० च्या खरेदीसाठी १०,००० का, हे त्याने विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५ जुलैला खात्यात पैसे नव्हते, कारण पगार १० ला होतो. हप्ता बाउन्स. त्याच्या बँकेने रिटर्न चार्ज कापला २५० अधिक जीएसटी, म्हणजे २९५. तुम्ही लेट फी लावली २५०. मग तुम्ही ८ तारखेला तेच मँडेट परत पाठवलं, पगार तेव्हाही झालेला नव्हता, परत बाउन्स, परत २९५. १० तारखेला पगार झाल्या झाल्या त्याने तुमच्या एसएमएसमधल्या लिंकवरून पैसे भरले. एसएमएसमध्ये लिहिलं होतं, तुमचा ८०० चा हप्ता थकलाय, इथे भरा. त्याने ८०० भरले, स्क्रीनवर हिरवी टिक आली, पोरगं निर्धास्त झालं.

आता त्या ८०० चं तुम्ही काय केलंत? त्यातले २५० आधी लेट फीला वळते केले. उरलेले ५५० हप्त्याला. म्हणजे हप्ता २५० ने अपुरा राहिला, आणि हे त्याला कुणी कळवलं नाही.

५ ऑगस्टला त्याने खात्यात आठवणीने ९०० ठेवले होते. तुम्ही पाठवलं १,०५० चं मँडेट, नवा हप्ता ८०० आणि जुने २५०. मँडेटची मर्यादा १०,००० असल्यामुळे ते जाऊ शकलं, ८०० ची असती तर ८०० कापले गेले असते आणि हप्ता वेळेत पडला असता. ९०० असताना १,०५० मागितले की पूर्ण रक्कम बाउन्स, अर्धवट काही कापत नाहीत. परत बँकेचे २९५, परत तुमचे २५०. एसएमएसचा साचा तोच, ८०० चा हप्ता थकलाय. त्याने १० तारखेला ८०० भरले, तुम्ही २५० फीला घेतले, ५५० मुद्दलाला, त्यातून जुलैचे २५० मिटले आणि ऑगस्टचे फक्त ३०० भरले गेले, ५०० राहिले.

५ सप्टेंबरला मँडेट १,३०० चं. खात्यात परत ९०० च. बाउन्स, २९५, २५०. १० तारखेला त्याने शेवटचे ८०० भरले, २५० फीला, ५५० मधून ऑगस्टचे ५०० मिटले, सप्टेंबरच्या हप्त्याला आले फक्त ५०. बाकी राहिली ७५०.

त्याच्या हिशेबाने तीन हप्ते, तीन वेळा ८००, विषय संपला. त्याने बँकेत जाऊन मँडेट रद्द केलं आणि ॲप काढून टाकलं. तुमच्या हिशेबाने सप्टेंबरचा हप्ता थकलेला, आणि ऑक्टोबरपासून दर महिन्याला त्यावर २५० ची फी चालूच. डिसेंबरअखेर मागणी १,५०० वर गेली.

हे सगळं कळलं कधी, तर जानेवारीत तो दुचाकीच्या लोनला गेला तेव्हा. शोरूममधल्या फायनान्सच्या मुलाने मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, भाऊ तुमचं एक लोन एनपीए आहे, म्हणजे बुडीत धरलंय, होणार नाही. भाच्याने मला फोन केला, मावशी, मी तर कधी लोनच काढलं नाही. त्याला म्हटलं आधी रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. रिपोर्टमध्ये ॲपचं नाव कुठेच नव्हतं, होतं एका एनबीएफसीचं, जिचं नाव त्याने जन्मात ऐकलेलं नाही. प्रकार कन्झ्युमर लोन, मंजूर रक्कम २,४००, थकबाकी ७५०. आणि खाली डीपीडीची ओळ, म्हणजे महिनाअखेरीला पैसे किती दिवस थकलेत तो आकडा. जुलैपासून डिसेंबरपर्यंत त्या घरांत होतं ०२६, ०२६, ०२५, ०५६, ०८६, ११७. माझ्या टेबलावर अशी ओळ आली की मी पण आधी दचकते. नव्वदच्या वर गेलं की खातं एनपीए, मग रक्कम साडेसातशे आहे का साडेसात लाख हे बघायला बऱ्याच ठिकाणी कुणी थांबतही नाही, सिस्टिमच फाईल बाहेर टाकते.

बेरीज करून बघा. बँकेच्या खात्यातून गेले चार वेळा २९५, म्हणजे १,१८०. तुमच्या तीन लेट फी ७५०. शून्य टक्के व्याजाच्या २,४०० वर तीन महिन्यांत १,९३० चा भुर्दंड, नंतरची फी तर धरलीच नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की तुम्ही फीचं मुद्दल करता. नीट बघा, पोराने मुद्दलाएवढे पैसे पूर्ण भरलेत, २,४००. जे ७५० राहिलेत ते तीन लेट फीचेच आहेत, आकडा तंतोतंत जुळतो. पण तुम्ही आलेल्या पैशातून आधी फी वसूल केल्यामुळे कागदावर फी फिटलेली दिसते आणि मुद्दल थकलेलं दिसतं. फी थकली असती तर तो फीचा वाद राहिला असता, मुद्दल थकलं की तो थकबाकीदार. शिवाय मुद्दल अपुरं राहिलं म्हणून पुढच्या महिन्यात परत लेट फी, म्हणजे दंडामुळे दंड. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात दंडाचं भांडवलीकरण करायचं नाही, म्हणजे दंडाच्या रकमेवर पुढे व्याज चढवायचं नाही, असं सांगितलंय. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. तुम्ही म्हणाल आम्ही व्याज कुठे लावलं, आम्ही तर ठरलेली फी लावली. बरोबर, अक्षर पाळलंत. पण जमा करायचा क्रम असा ठेवलात की परिणाम तोच, उलट व्याजापेक्षा वाईट. त्याच परिपत्रकात असंही आहे की दंड हा शिस्त लागावी म्हणून असतो, उत्पन्न वाढवायचं साधन म्हणून नाही, आणि तो वाजवी आणि चुकीच्या प्रमाणात असावा. ८०० रुपये पाच दिवस उशिरा आले त्याला २५०, आणि ७५० राहिले त्यालाही दर महिन्याला २५०. हे प्रमाण कुठल्या शाळेतलं?

आणि कळवण्याचं काय? हप्ता चुकल्याची आठवण पाठवाल तेव्हा लागू असलेला दंड सांगायचा, दंड लावलात की कारणासकट कळवायचं, हेही त्याच परिपत्रकात आहे. तुमच्या तीनही महिन्यांच्या एसएमएसमध्ये ८०० शिवाय दुसरा आकडा नाही. ग्राहकाकडे ८०० मागायचे, ८०० घ्यायचे, आणि आत ५५० च जमा करायचे.

दुसरी तक्रार तारखेची. पगारी माणसाला ५ तारखेचा हप्ता देताच कसा तुम्ही? मजुरीच्या कायद्यातच मालकाला महिन्याचा पगार द्यायला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मुभा आहे, आणि कंत्राटदाराकडे ७ चे १० व्हायला वेळ लागत नाही हे चाकण, रांजणगाव, बुटीबोरी कुठेही विचारा. तुम्ही कर्ज देताना खात्याची माहिती मागता, पगाराचे एसएमएस बघायची परवानगी मागता, म्हणजे पगार कधी होतो हे तुम्हाला कळू शकतं. मग तारीख १२ का नाही ठेवत? आणि पहिलं मँडेट परतल्यावर तीन दिवसांत न विचारता दुसरं पाठवता, त्याचा खर्च तुम्हाला जेमतेम लागतो, ग्राहकाला २९५ लागतात. आमच्या बँकेत आम्ही दुसऱ्यांदा मँडेट टाकायच्या आधी फोन करतो. पोरगं दहा तारीख म्हणालं असतं, दहाला टाकलं असतं, सगळ्यांचंच भलं झालं असतं.

तिसरी तक्रार त्या 'शून्य' ची. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचा थोडक्यात कागद, सक्तीचं केलंय, त्यात एपीआर म्हणजे सगळा खर्च धरून वर्षाचा दर द्यायचा असतो. तुमच्या कागदावर एपीआर शून्य आहे आणि ते खोटं नाही, कारण एपीआरमध्ये हप्ता वेळेवर भरला तर लागणारा खर्च येतो, उशिराचा दंड येत नाही. दंडासाठी त्यात वेगळा रकाना असतो. म्हणजे तुमच्या धंद्यात ज्या एका गोष्टीने माणूस बुडतो ती त्या मोठ्या आकड्याच्या बाहेर बसते. मी भाच्याच्या मेलमधून ती पीडीएफ शोधून काढली, दंडाचा रकाना शेवटी, इंग्रजीत, 'धोरणानुसार' एवढंच लिहिलेलं आणि खाली एक लिंक. नियम म्हणतो स्टेटमेंट कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, मजकूर त्याला समजावून सांगून तशी पोचपावती घ्यायची, आणि त्यात न लिहिलेला चार्ज कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ॲपचं बटण मराठीत होतं बरं का, 'आत्ता घ्या'. विकताना मराठी येतं आणि दंड सांगताना इंग्रजी, हे कसं काय?

चौथी गोष्ट जरा वेळ घेऊन लिहिते, कारण तुम्ही जाहिरातीत सांगता की हे क्रेडिट कार्डासारखंच, फक्त सोपं. नाहीये तसं. कार्ड म्हणजे एक खातं, एक बिल, महिन्याची सगळी खरेदी त्यात. तुमच्याकडे बऱ्याचदा प्रत्येक खरेदी हे स्वतंत्र कर्ज असतं, वेगळा करार, वेगळी तारीख, कधी कधी कर्ज देणारी कंपनीही वेगळी. मी असे रिपोर्ट बघितलेत की माणसाने किराणा, चार्जर, कुर्ता असं काहीबाही घेतलंय आणि रिपोर्टमध्ये कर्जांची रांग लागलीय. कार्डात पैसे कमी पडले तर मिनिमम ड्यू भरून माणूस त्या महिन्यापुरता सुटतो, लेट फी लागत नाही, रिपोर्टवर थकबाकी येत नाही. तुमच्याकडे मिनिमम नावाची गोष्टच नाही, ८०० म्हणजे ८००. कार्डाला ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट फी लावता येते आणि थकलं म्हणून कळवता येतं, २०२२ च्या कार्डांच्या नियमांत ते स्पष्ट आहे, आणि ती फी राहिलेल्या रकमेवरच. आणि कार्डाचं बिल माणूस स्वतः भरतो, ऑटोपे लावला नसेल तर खात्यातून परस्पर काही जात नाही, म्हणजे बँकेच्या त्या २९५ चा प्रश्नच येत नाही.

म्हणून मी कार्डाची वकिली करतेय असं समजू नका. कार्डात पूर्ण बिल भरलं नाही की खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पुढच्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घ्यायचं नाही असा ग्राहक आयोगाचा जुना निर्णय होता, तोही डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. नुसतं मिनिमम भरत राहिलेली माणसं माझ्यासमोर रडलेली आहेत. पण हाच हिशेब कार्डावर करून बघितला. ५ जुलैला २,४०० ची खरेदी, ८ ऑगस्ट, ८ सप्टेंबर, ८ ऑक्टोबरला प्रत्येकी ८००, दर वर्षाला ४२ टक्के धरला. व्याज आणि जीएसटी मिळून साधारण २१० रुपये होतात. लेट फी नाही, कारण ८०० हे मिनिममपेक्षा जास्तच. रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे देशातलं सगळ्यात महागडं समजलं जाणारं कर्ज २१० ला पडलं आणि तुमचं बिनव्याजी १,९३० ला. वेळेवर भरणाऱ्याला तुम्ही स्वस्त आहात यात वादच नाही, तुमच्याकडे विक्रेत्याच्या कमिशनवर भागतं. पण पाच दिवस उशीर झालेल्याकडून जे घेता ते कार्डवाल्यालाही जमलं नसतं.

परत केलेल्या मालाबद्दल विक्रेत्यांना एकच सांगते. ग्राहकाने कुर्ता परत पाठवला, तुमच्याकडे पोचला, पण रिफंड कर्ज देणाऱ्यापर्यंत पोचायच्या आत हप्ता कापला जातो, नाहीतर बाउन्स होतो. ज्याच्याकडे वस्तूच नाही त्याच्यावर हप्ता थकल्याचा शिक्का. हे तुम्ही दोघांनी आपसात मिटवायचं, ग्राहकाने दोन्हीकडे फोन लावत बसायचं नाही.

वसुलीबद्दलही थोडं. भाच्याला रात्री साडेनऊला फोन आले. थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम १२ ऑगस्ट २०२२ पासून आहे. फोनवरच्या बाईंनी (बिचाऱ्या त्याही पगारीच) ऑफर दिली, १,५०० च्या ऐवजी ९०० भरा, सेटल करून टाकू. तो भरणारच होता, मी थांबवलं. सेटल केलं की रिपोर्टवर 'सेटल्ड' येतं, म्हणजे पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली, आणि पुढे घराच्या कर्जाला ते आडवं येतं. हे तुम्ही फोनवर का सांगत नाही?

तर आमच्या मागण्या. या सगळ्या तुम्ही उद्या सकाळी सुरू करू शकता, कुठल्या नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

ग्राहकाने भरलेले पैसे आधी मुद्दलाच्या हप्त्याला जमा करा, दंड शेवटी आणि वेगळ्या ओळीत दाखवा, आणि निव्वळ दंड राहिला म्हणून हे रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवू नका.

दंड थकलेल्या रकमेच्या प्रमाणात आणि उशिराच्या दिवसांप्रमाणे लावा, आणि कार्डाला आहे तशी तीन दिवसांची सूट द्या.

मँडेटची कमाल रक्कम एका हप्त्याएवढी ठेवा, कर्जदाराला हप्त्याची तारीख स्वतः निवडू द्या, एकदा मँडेट परतलं की त्याच्या होकाराशिवाय दुसऱ्यांदा पाठवू नका.

चेकआऊटवर जिथे 'व्याज शून्य' लिहिता तिथेच, तेवढ्याच अक्षरात आणि त्याच भाषेत लिहा की हप्ता चुकला तर आम्ही इतके घेऊ आणि तुमची बँकही वेगळे घेईल. आणि कर्ज कोण देतंय त्या कंपनीचं नाव त्याच स्क्रीनवर, कारण रिपोर्टमध्ये तेच येणार आहे.

माल परत गेला की त्या दिवसापासून हप्ता थांबवा.

आणि भाच्याच्या बाबतीत, तिन्ही महिन्यांची जमा नव्याने करा, ७५० आणि त्यानंतरची फी काढून टाका, खातं 'सेटल्ड' नाही तर 'क्लोज्ड' दाखवा, जुलैपासूनची डीपीडीची ओळ दुरुस्त करून पाठवा आणि नो ड्यूज पत्र द्या. ५, ५ आणि ५ दिवसांचा उशीर झाला तेवढा जरूर दाखवा, ते खरं आहे.

तक्रार बंद केल्याचं तुमचं उत्तर म्हणजे आमच्यासाठी नकार, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार गेलेली आहे. क्रेडिट ब्युरोकडे रिपोर्टमधल्या चुकीचा वादही नोंदवलाय. ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, ती आम्ही सोडणार नाही.

आपली,
एक मावशी आणि कर्ज विभागातली कर्मचारी, सातारा

ता.क. वाचणाऱ्यांसाठी: तुमचे असे हप्ते चालू असतील तर एसएमएसमधल्या लिंकवरून भरू नका, ॲपमध्ये जाऊन एकूण देय रक्कम बघा, आणि हप्ता एकदा जरी चुकला असेल तर भरल्यावर लोन स्टेटमेंट काढून मुद्दलाच्या ओळीत किती जमा झालं ते तपासा. शेवटचा हप्ता भरल्यावर नो ड्यूज मागून घ्या, ॲप आणि मँडेट त्यानंतर काढा. घेतल्या घेतल्या पश्चात्ताप झाला तर डिजिटल कर्जाला किमान एक दिवसाचा कूलिंग ऑफ असतो, त्या वेळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही ठिकाणी वर्षातून एकेक रिपोर्ट फुकट मिळतो, लोनला जायच्या आधी काढा, शोरूममध्ये कळण्यापेक्षा ते बरं.